बारा हजार प्रती छापण्याआधी फॉन्ट खऱ्या वाचकांकडून तपासून घ्यायचाय. नेमकं कसं करावं?

बांधावरून

नमस्कार मंडळी. मी सांगोला भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. आम्ही डाळिंबाच्या बहार व्यवस्थापनावर पुस्तिका काढतोय. डेमी १/८ आकार, ४८ पानं म्हणजे तीन फर्मे, एकरंगी ऑफसेट, ६० जीएसएम मॅपलिथो, आणि प्रती बारा हजार. मजकूर जाणकारांनी तपासून दिलाय. आता गाडी फॉन्टवर अडली आहे.

तीन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे आमच्या डीटीपीवाल्याचा नेहमीचा जुना फॉन्ट, पाठ्यपुस्तकासारखा, जाड-बारीक रेषांचा. दुसरा ‘मुक्त’. तिसरा ‘तिरो देवनागरी मराठी’. संचालकांच्या बैठकीत प्रत्येकाने वेगळ्यावर बोट ठेवलं. शेवटी मी म्हटलं, जे वाचणार आहेत त्यांनाच वाचायला देऊ या. गावातले आठ-दहा शेतकरी, वय चाळीस ते पासष्ट, यायला तयार आहेत.

पण त्यांच्यापुढे ठेवायचं काय आणि विचारायचं काय? ‘कुठला आवडला’ एवढंच विचारून भागेल असं मला वाटत नाही. या पुस्तिकेत फवारणीची प्रमाणं आहेत. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर बाग जळेल. कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर सांगा.

मुंबईकर_सदा

ताई, एवढा विचार कशाला? पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवा. ज्याला लहान दिसेल तो दोन बोटांनी मोठं करून बघेल. आमच्या सोसायटीच्या सूचना मी अशाच पाठवतो.

बांधावरून

सदा, पीडीएफ पाठवणारच आहोत, पण प्रश्न छापील प्रतीचा आहे. औषध कालवताना हात ओले असतात, तेव्हा मोबाइल कुणी बाहेर काढत नाही.

नानाप्रेस

मुली, माझं आयुष्य छपाईत गेलं. खिळ्यांच्या जुळणीपासून ऑफसेटपर्यंत सगळं केलंय. तुला एका वाक्यात उत्तर देतो. चौदा पॉइंट घे, बोल्ड कर, काम झालं. म्हाताऱ्या माणसाला मोठं आणि ठळक लागतं, फॉन्टचं नाव काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चाचण्या घेत बसलीस तर बहार निघून जाईल.

शिरोरेखा

नानांशी मी अर्धी सहमत आहे. आकार महत्त्वाचा हे खरंच. पण ‘चौदा पॉइंट’ या शब्दांवर विसंबू नका. देवनागरीत एका फॉन्टचे चौदा पॉइंट दुसऱ्याच्या बारा पॉइंटांएवढे असू शकतात, कारण वर मात्रा-रफारासाठी आणि खाली उकारासाठी किती जागा राखायची हे प्रत्येक फॉन्टकार आपापलं ठरवतो. म्हणून चाचणीआधी तिन्ही फॉन्ट डोळ्यांना सारखे दिसतील असे करून घ्या. सोपी रीत सांगते. तिन्हींमध्ये ‘क’ १०० पॉइंटात छापा आणि शिरोरेखेपासून दांडीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. समजा एकाचा २० मिमी आला आणि दुसऱ्याचा १७. मग पहिल्याचे १२ पॉइंट म्हणजे दुसऱ्याचे साधारण १४. हे केलं नाही तर मोठा दिसणारा फॉन्ट जिंकेल आणि तुम्हाला वाटेल त्याची वळणं चांगली होती.

बोल्डबद्दल मात्र सावध राहा. मॅपलिथोवर शाई थोडी पसरतेच. ठळक अक्षरात आधीच आतली पोकळी लहान असते, ती भरून जाते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक त्या पोकळीतच असतो. सलग मजकूर ठळक छापला की तो लांबून दिसतो छान, पण वाचताना माणूस अडखळतो. आणखी एक, तिरो मराठीत ठळक वजनच नाही, साधं आणि तिरपं एवढंच आहे. तो घेतलात तर शीर्षकांसाठी दुसरा फॉन्ट लागेल. संगणकाला जबरदस्तीने ठळक करायला सांगू नका, तो अक्षराला नुसती कडेने सूज आणतो. मुक्तमध्ये अतिबारीकपासून अतिठळकपर्यंत सात वजनं आहेत, तिथे ही अडचण नाही.

आता चाचणी. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, मजकूर त्यांना पाठ नसलेला हवा. मागे एका वारकरी मंडळासाठी मोठ्या अक्षरातला हरिपाठ करताना आम्ही वाचून घेतलं होतं. सगळ्यांनी धाडधाड वाचलं, एकही चूक नाही. पान उलटं धरलं असतं तरी त्यांनी तसंच म्हटलं असतं! तुमच्याकडेही ‘१९:१९:१९’ दिलंत तर पहिल्या आकड्यावरच पुढचं सगळं तोंडातून बाहेर पडेल.

दुसरी, आवडीचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी मोठ्याने वाचायला लावा, फोनवर आवाज टिपून ठेवा आणि हातात तेच पान घेऊन खुणा करा. कुठे अडखळले, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं, कुठे ओळ चुकली, कुठला शब्द वेगळाच वाचला. माणसाला सवयीचा फॉन्ट आवडतो. त्यात तो कमी चुकतो की नाही हा वेगळा प्रश्न.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पान खऱ्या कागदावर, खऱ्या छपाईचं हवं. लेझर प्रिंटरची पावडर कागदाच्या वर बसते, कडा धारदार राहतात. ऑफसेटची शाई कागदात मुरते. लेझरवर सुंदर दिसलेली बारीक रेष मशीनवर तुटते आणि लहान पोकळी बुजते. पान दोन्ही बाजूंनी छापा, कारण ६० जीएसएमला मागचा मजकूर पुढे डोकावतो.

दृष्टी_सातारा

मी चष्म्याचे नंबर काढतो. शिरोरेखाताईंच्या यादीत एक भर. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण बरेच शेतकरी चष्मा घरी ठेवून रानात जातात. तुम्ही चाचणीच्या आधी ‘चष्मा आणा बरं का’ असं सांगितलंत तर खोटं चित्र मिळेल. जसे येतात तसे येऊ द्या. आणि दुपारच्या लख्ख उन्हात वाचून घेऊ नका. जिथे औषधं ठेवलेली असतात त्या खोलीत, तिथल्याच दिव्यात वाचू द्या.

माझ्या अनुभवाने शिरोरेखेशिवायचे किंवा फार नव्या धाटणीचे फॉन्ट सोडले, तर बाकी सगळे सारखेच. फरक प्रकाशाचा आणि आकाराचा.

शिरोरेखा

@दृष्टी_सातारा, प्रकाश आणि आकाराचा फरक मोठा असतो हे मान्य. ‘बाकी सगळे सारखेच’ हे सलग गद्यापुरतं बऱ्याच अंशी खरं आहे, कारण वाचक संदर्भावरून भरून काढतो. ‘शेतात खत टाकले’ यातला ‘ख’ फुटून ‘रव’सारखा दिसला तरी कुणी ‘रवत’ वाचणार नाही. पण औषधाचं नाव आणि आकडा यांना संदर्भाचा आधार नसतो. तिथे फॉन्टचं पितळ उघडं पडतं.

वर्गशिक्षिका_वाशिम

मी दुसरीला शिकवते. आमच्या तालुक्यात पूरक वाचनाची पुस्तकं काढताना मीही मुलांकडून वाचून घेतलं होतं. मुलं संदर्भाने भरून काढत नाहीत, दिसेल ते वाचतात, त्यामुळे चुका लगेच कळल्या. ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’ अशी एकाखाली एक बांधलेली जोडाक्षरं त्यांना फार अडली. ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे आले होते, तिथेही मुलं थांबली. मराठीसाठी कुठलं वळण वापरायचं हे २००९च्या शासन निर्णयात दाखवलेलं आहे, वर्गातल्या तक्त्यावरही तेच असतं. मग पुस्तकात वेगळं का, असं मुलांनीच विचारलं.

बांधावरून

@वर्गशिक्षिका_वाशिम, हे मोठ्यांनाही अडेल का?

शिरोरेखा

मोठ्यांना फार अडत नाही, हिंदी पाट्या-पाकिटं बघून सवय झालेली असते. पण दुरुस्त करणं सोपं आहे. अनेक युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात, हिंदी ठेवली की हिंदी. डीटीपीवाले भाषेकडे बघतच नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘ऱ्य’. तुमच्या पुस्तिकेत ‘शेतकऱ्यांनी’ आणि ‘वाऱ्याचा वेग’ पानोपानी असणार. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये किंवा उलटं रूपांतर करताना तो आडवा र जाऊन रफार बसतो आणि ‘शेतकर्यांनी’ होतं. तसंच ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं. मग ‘ॲसिटामिप्रिड’च्या जागी चौकोन किंवा टिंबांचं वर्तुळ येतं. हे शोधायला वाचक नकोत. चाचणीआधी तुम्हीच ‘र्य’, ‘र्‍य’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ शोधून संपवा. वाचकांचा वेळ अशा चुकांवर घालवू नये.

डाळिंबवाला

मी स्वतः बागायतदार, आटपाडीकडचा. सगळं वाचलं. एक विचारतो. तुमचं पुस्तक आम्ही बसून पहिल्या पानापासून वाचू असं तुम्हाला खरंच वाटतं का? आम्ही तक्ता बघतो. फवारणी कितवी, औषध कुठलं, किती. बाकीचं कधीतरी पावसात वाचू. तुम्ही परिच्छेद वाचून घेणार आणि तक्ता दहा पॉइंटात कोंबणार, असं व्हायला नको.

शिरोरेखा

डाळिंबवाले दादांनी सगळ्यात कामाचं सांगितलं. चाचणी तक्त्याचीच घ्या. परिच्छेद एखादा पुरे.

नानाप्रेस

तक्त्याचं बरोबर आहे. आणि कागदाचं शिरोरेखा म्हणतात तेही बरोबर, लेझरवर फसगत होते. त्यासाठी वेगळी प्लेट काढून मशीन लावायची गरज नाही. तुझ्या प्रेसवाल्याला विचार, त्याच्याकडे याच कागदावरचं, काळ्या शाईचं दुसरं काम चालू असेल तर त्या शीटच्या कडेला वाया जाणारी पट्टी असते. त्यात तुझा चाचणीचा तक्ता बसवून दे म्हणावं. प्लेट त्याची निघणारच असते. शंभर पट्ट्या कापून मिळतील. मी असतो तर चहावर करून दिलं असतं.

सांख्यिक

आठ-दहा माणसांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी संख्याशास्त्र शिकवतो, फॉन्टातलं कळत नाही.

आठ किंवा दहा नको, नऊ घ्या. तीन फॉन्ट आहेत म्हणून. एकाच माणसाला तिन्ही फॉन्ट वाचायला द्यायचे, पण प्रत्येकात मजकूर वेगळा हवा, नाहीतर दुसऱ्या वेळी पाठ झालेला असेल. मग कुठला मजकूर कुठल्या फॉन्टात आणि कुठला आधी, हे फिरवत राहायचं. पहिल्या तिघांना जुना फॉन्ट आधी, पुढच्या तिघांना मुक्त आधी, शेवटच्या तिघांना तिरो आधी. प्रत्येक तिघांत मजकूरही आलटून पालटून. पहिला कागद वाचताना माणूस बुजलेला असतो, शेवटचा वाचताना कंटाळलेला. फिरवाफिरव केली की हे तिन्ही फॉन्टांना सारखं लागू होतं.

आता नऊ माणसांतून काय कळतं ते बघा. समजा एखादा दोष असा आहे की दर तिघांत एकाला तो अडवतो. तो नऊपैकी एकालाही न अडवण्याची शक्यता म्हणजे दोन-तृतीयांशचा नववा घात, साधारण २.६ टक्के. म्हणजे असा मोठा दोष जवळपास नक्की सापडेल. पण जो दोष वीसात एकाला अडवतो तो नऊही जणांच्या नजरेतून सुटण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के आहे. बारा हजार वाचकांत वीसात एक म्हणजे सहाशे माणसं. त्यामुळे ‘नऊ जणांत चूक आली नाही म्हणजे फॉन्ट सुरक्षित’ असं म्हणता येणार नाही. ‘मुक्त तिरोपेक्षा वेगाने वाचला जातो’ असलं काही सिद्ध करायलाही जाऊ नका. दोन माणसांच्या वाचनवेगातला फरक दोन फॉन्टांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मुंबईकर_सदा

मग नऊ माणसांनी काहीच सिद्ध होत नसेल तर करायचंच कशाला?

सांख्यिक

सिद्ध करायला नाही, दोष शोधायला. एका माणसाने ०.५ ला ५ वाचलं की तुम्हाला टक्केवारी काढत बसायची गरज नाही. तो तक्ता बदलायचा.

कॅलगरीकर

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत आम्ही दरवर्षी फॉन्टवरून भांडतो. इथल्या मराठी शाळेतल्या मुलांना जोडाक्षरं आडवी मांडलेली बरी पडतात, आजी-आजोबांना उभी. एकाच अंकात दोन फॉन्ट वापरून बघितले, दोन्ही बाजू नाराज झाल्या :)

बांधावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते सांगते. नऊ माणसं, तिन्ही फॉन्टांत ‘क’ची उंची सारखी, प्रत्येक फॉन्टात एक परिच्छेद आणि एक तक्ता. परिच्छेद पुस्तिकेतले घेत नाही, पंप धुण्याबद्दल आणि औषधाच्या खोलीबद्दल नवीन लिहिलेत. तक्त्यात खरी औषधं आहेत, पण प्रमाणं मुद्दाम बदलली आहेत, म्हणजे पाठ असलेलं चालणार नाही. चाचणीनंतर ते कागद परत घेऊन फाडणार, कुणाच्या घरी राहायला नकोत. प्रेसवाल्याने नाना म्हणाले तशी कडेची पट्टी दिली!

तक्त्यावर असा प्रश्न विचारणार: ‘तुमचा दोनशे लिटरचा ड्रम आहे. तिसऱ्या फवारणीला काय, किती टाकाल?’

शिरोरेखा

उत्तम. फक्त प्रश्न दोन पायऱ्यांत विचारा. आधी तक्त्यातला आकडा मोठ्याने वाचून घ्या, मग ड्रमचा हिशेब. नाहीतर गुणाकार चुकला आणि दोष फॉन्टवर आला असं होईल. बोर्डोचंच बघा. ०.५ टक्के म्हणजे शंभर लिटरला अर्धा किलो मोरचूद आणि अर्धा किलो चुना, दोनशेला एकेक किलो. कुणी ‘अर्धा किलो’ म्हणालं तर त्याने आकडा बरोबर वाचलाय, हिशेब चुकलाय. कुणी ‘दहा किलो’ म्हणालं तर त्याला टिंब दिसलेलं नाही.

बांधावरून

चाचणी झाली. जरा सविस्तर लिहिते.

पॅकिंग शेडच्या मागच्या औषधाच्या खोलीत, संध्याकाळी, एका दिव्यात घेतली. नऊपैकी चार जणांकडे चष्मा नव्हता. एका वेळी एकालाच आत बोलावलं, बाकीचे बाहेर. आणि प्रत्येकाला आधीच सांगितलं की परीक्षा तुमची नाही, कागदाची आहे. हे सांगितल्यावर माणसं मोकळी झाली, ‘हे नीट दिसंना’ असं आपणहून बोलायला लागली.

परिच्छेदांत तिन्ही फॉन्ट जवळपास सारखे गेले. दृष्टी_सातारा म्हणाले तसंच. जुन्या फॉन्टात ओळी जरा दाटीच्या होत्या, तिथे तिघांनी तीच ओळ पुन्हा वाचायला घेतली. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत होता. फॉन्टपेक्षा ओळींमधल्या जागेचा दोष म्हणायला हवा, पण डीटीपीवाला तो फॉन्ट नेहमी तसाच लावतो.

तक्त्यात मात्र फरक पडला. जुन्या फॉन्टात आकड्यांच्या बारीक रेषा छपाईत तुटल्या होत्या. ‘१’ आणि ‘९’ दोघांनी उलटसुलट वाचले. आणि टिंब! तिन्ही फॉन्टांत मिळून चौघांनी कुठे ना कुठे ‘०.५’ किंवा ‘१.५’ मधलं टिंब सोडलं, त्यात मुक्त आणि तिरोही आले. एका काकांनी ‘१.५ मिली’ला ‘पंधरा मिली’ म्हटलं आणि लगेच ड्रमचा हिशेब करून तीन लिटर सांगितलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, मला घाम फुटला.

औषधांच्या नावांत तिरोमध्ये सगळ्यात कमी अडखळले, पण ‘थायोफिनेट मिथाईल’वर सगळेच थांबले. ते नावच तसं आहे.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. हिशेब करा म्हटल्यावर नऊपैकी सहा जणांनी कागद ड्रमवर किंवा जमिनीवर ठेवला आणि उभ्यानेच बघितला. हात मोकळे ठेवायची सवय. म्हणजे हातात धरून वाचण्याचं अंतर धरून आम्ही ठरवलेला आकार तक्त्यासाठी पुरणारच नाही.

शेवटी आवडीचं विचारलं. पाच जणांना जुना फॉन्ट आवडला, ‘शाळेतल्या पुस्तकासारखा’ म्हणून. ‘१’ आणि ‘९’मध्ये चुकलेले दोघेही त्या पाचांत होते.

नानाप्रेस

म्हणजे आकाराचं मी बरोबरच सांगितलं होतं! तक्ता सोळात कर.

शिरोरेखा

नाना, तक्त्यापुरतं अगदी बरोबर. ठळक मात्र नको.

बांधावरून, टिंबाचा प्रश्न फॉन्ट बदलून सुटणार नाही. तिन्हींत ते सुटतंय म्हणजे लिहिण्याची पद्धत बदलायला हवी. तक्त्यात ‘अर्धा मिली’, ‘दीड मिली’ असं अक्षरात लिहा आणि खाली आकडा द्या. नाहीतर दशांश येऊच देऊ नका. ‘१ लिटरला १.५ मिली’ऐवजी थेट ‘२०० लिटरच्या ड्रमला ३०० मिली’ लिहा. हिशेबही वाचतो. आणि आकडा व त्याचं एकक दोन ओळींत फुटू देऊ नका, मधली जागा न तुटणारी ठेवा.

डाळिंबवाला

ड्रमचं प्रमाण लिहाच. पण सगळ्यांचा ड्रम दोनशेचा नसतो. माझ्या ट्रॅक्टरवरची टाकी सहाशेची आहे. पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. मग तीन रकाने करणार का? पान पुरेल?

बांधावरून

तोच पेच आहे. तीन रकाने केले तर अक्षर लहान होतं. तक्ता आडव्या पानावर घ्यावा असा विचार करतेय. एक फर्मा वाढला तरी चालेल, असं संचालकांनी कबूल केलंय. काकांचं ‘पंधरा मिली’ बैठकीत ऐकवल्यावर कुणी वाद घातला नाही.

वर्गशिक्षिका_वाशिम

एक शंका. आकडे मराठीत कशाला? औषधाच्या बाटलीवर, खताच्या गोणीवर, मोबाइलवर सगळीकडे इंग्रजी आकडे असतात. शेतकऱ्यांची नजर त्यावरच बसली असेल.

शिरोरेखा

मला हे पटत नाही. मराठी पुस्तिकेत आकडे मराठीच हवेत. नीट आखलेल्या ‘१’ आणि ‘९’मध्ये गोंधळ होत नाही, इथे तो तुटक छपाईमुळे झाला. मुक्त आणि तिरोमध्ये तो झालाच नाही ना?

बांधावरून

नाही झाला. पण सांख्यिक सरांचं वाचल्यापासून ‘नऊ जणांत झाला नाही’ एवढ्यावर निश्चिंत व्हायचं धाडस होत नाही.

डाळिंबवाला

बाटलीशी ताडून बघायचं तर इंग्रजी आकडा बरा. माझ्या वडिलांना मात्र मराठीच कळतो. दोन्ही खरं आहे.

सांख्यिक

मग हाच प्रश्न दुसऱ्या फेरीत घ्या. एकच फॉन्ट, एकच तक्ता, फक्त आकडे दोन प्रकारचे. माणसं मात्र नवीन घ्या. आधीच्या नऊ जणांना आता माहीत आहे की तुम्ही टिंब बघताय, ते टिंबच शोधतील.

बांधावरून

दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात. मजकुराला तिरो, शीर्षकं आणि तक्त्याला मुक्त, तक्ता आडवा आणि मोठा, प्रमाण ड्रमला आणि पंपाला असे दोन रकाने, टाकीवाल्यांनी ड्रमच्या तिप्पट घ्यायचं अशी टीप. आकडे दोन्ही प्रकारे छापून घेतेय. नवीन माणसं शेजारच्या गावातून येतील.

डाळिंबवाला

ताई, या वेळी मालकांना बोलावू नका. औषध कालवतात ते फवारणीला येणारे गडी. त्यांना बोलवा. आमच्याकडे त्यातले काही सीमेपलीकडून येतात, त्यांना कन्नड येतं, मराठी अक्षर जेमतेम. त्यांच्यापुढे तक्ता ठेवा आणि बघा.

बांधावरून

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार गडी आणि पाच मालक असं करते. गड्यांना वाचता आलं नाही तर मापाच्या झाकणाचं चित्र काढावं लागेल, आणि ते एकरंगी छपाईत कसं उठेल ते नाना तुम्हीच सांगा.

नानाप्रेस

रेषाचित्र काढ, करड्या छटा नकोत. छटा म्हणजे बारीक ठिपके, मॅपलिथोवर ते एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. रेष अर्ध्या पॉइंटापेक्षा बारीक नको. काढलंस की इथे टाक, बघून सांगतो.